'सार्थक फरक आढळला' याच्या पुढे काय लिहायचे: संख्याशास्त्रीय निकाल शब्दांत मांडण्याची पद्धत

"प्राप्त टी मूल्य सारणी मूल्यापेक्षा जास्त असल्याने शून्य परिकल्पनेचा त्याग करण्यात येत आहे." मराठीतल्या प्रबंधांचे चौथे प्रकरण, म्हणजे 'माहितीचे विश्लेषण व अर्थनिर्वचन', उघडले की हे वाक्य पानोपानी भेटते. आधी कोष्टक, त्याखाली हे वाक्य, मग पुढचे कोष्टक. वाक्य चुकीचे नाही. पण ते वाचून फरक कोणत्या गटाच्या बाजूने होता, किती होता आणि त्या आकड्यावर कितपत विसंबावे, यांतले काहीच कळत नाही. आणि वाचक त्यासाठीच आलेला असतो.

हे वाक्य बदलून काय लिहावे, ते एका खऱ्या आकडेवारीवर दाखवतो. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने क्षयरोगावर स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी घेतली आणि तिचा अहवाल ऑक्टोबर १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही फुप्फुसांत झपाट्याने पसरणारा क्षय असलेले १५ ते ३० वयोगटातले १०७ रुग्ण तिच्यात होते. कोणता रुग्ण कोणत्या गटात जाणार हे संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी यादृच्छिक अंकांवरून आधीच ठरवून बंद लिफाफ्यांत ठेवले होते. ५५ जणांना स्ट्रेप्टोमायसिन आणि पूर्ण विश्रांती मिळाली, ५२ जणांना फक्त विश्रांती. सहा महिन्यांनंतर पहिल्या गटातले ४ आणि दुसऱ्या गटातले १४ रुग्ण दगावले होते. पुढची सगळी आकडेमोड याच चार संख्यांवरून मी केली आहे, तुम्हीही करून पाहू शकता.

आधी कच्चे आकडे

निकालाचे पहिले वाक्य चाचणीच्या नावाने सुरू करू नका. टी, काय-वर्ग, एफ ही सगळी साधने आहेत, त्यांची जागा नंतर येते. आधी कोण, किती जणांपैकी किती आणि किती काळात, एवढेच सांगा:

"सहा महिन्यांत स्ट्रेप्टोमायसिन गटातील ५५ पैकी ४ (७%) आणि केवळ विश्रांती घेतलेल्या गटातील ५२ पैकी १४ (२७%) रुग्णांचा मृत्यू झाला."

या वाक्यात तीन गोष्टी जपल्या आहेत. टक्केवारीशेजारी मूळ संख्या दिली आहे, त्यामुळे गट लहान होते हे लपत नाही. काळ सांगितला आहे, कारण सहा महिन्यांतले ७ टक्के आणि पाच वर्षांतले ७ टक्के या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि टक्के पूर्णांकात ठेवले आहेत. संगणक २६.९२ दाखवतो म्हणून तेच उतरवण्यात अर्थ नाही. ५२ जणांच्या गटात एक मृत्यू कमी-जास्त झाला की टक्केवारी जवळजवळ २ ने हलते, तिथे शतांशाची अचूकता वाचकाला खोटा दिलासा देते. गटात शंभरहून कमी माणसे असतील तर मी टक्क्यांत दशांश चिन्ह वापरतच नाही.

मग फरकाचा आकार

आता दोन आकड्यांमधला फरक सांगायचा. तो दोन प्रकारे सांगता येतो आणि इथेच सर्वांत जास्त घोळ होतो.

वजाबाकी केली तर २७ उणे ७, म्हणजे दर १०० रुग्णांमागे सुमारे २० मृत्यू कमी. मूळ संख्यांवरून भागाकार केला तर ०.२७, म्हणजे मृत्यूचे प्रमाण ७३ टक्क्यांनी कमी. दोन्ही बरोबर आहेत. पण हीच आकडेवारी जगलेल्यांच्या बाजूने मांडून पाहा. एका गटात ९३ टक्के जगले, दुसऱ्यात ७३ टक्के, म्हणजे जगण्याचे प्रमाण २७ टक्क्यांनी जास्त. एकाच औषधाचा परिणाम एकदा '७३ टक्के' आणि एकदा '२७ टक्के' दिसतो, कारण भागाकार कशाने करायचा ते आपण निवडले. वजाबाकी मात्र दोन्हीकडून बघितली तरी शंभरामागे २० हीच राहते.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी दोन्ही गटांचे प्रमाण, मग वजाबाकीतला फरक, आणि गरज असेल तरच गुणोत्तर. नुसते गुणोत्तर कधीच देऊ नका. 'धोका निम्मा झाला' हे वाक्य शंभरात ४० वरून २० ला लागू पडते, तसेच दहा हजारांत २ वरून १ ला, आणि वाचक मनात नेहमी पहिलेच चित्र धरतो.

शब्दांचाही एक खड्डा आहे. 'मृत्यूदर २० टक्क्यांनी कमी झाला' असे लिहिले तर काही वाचक २७ चे ७ झाले असे समजतील, काही २७ चे २० टक्के वजा करून २२ वर येतील. दोन्ही अर्थ त्या वाक्यात बसतात. 'दर शंभर रुग्णांमागे २० मृत्यू कमी' असे लिहिले की शंका उरत नाही. शेकड्याचा हिशेब आपल्या बोलण्यात मुरलेला आहे, तो लेखनात बेधडक वापरा.

खात्री किती, ते अंतरालातून

शंभरामागे २० हा आकडा याच १०७ माणसांचा आहे. असेच दुसरे १०७ रुग्ण घेतले असते तर तो १२ आला असता, किंवा २८. ही डळमळ किती असू शकते ते ९५ टक्के विश्वास अंतराल सांगते. R या संख्याशास्त्रीय संगणक प्रणालीत ते एका ओळीत मिळते:

```r
prop.test(c(14, 4), c(52, 55), correct = FALSE)
```

उत्तरात अंतराल `0.0578` ते `0.3352` आणि `p-value` सुमारे `0.0066` येते. म्हणजे फरक शंभरामागे ६ ते ३४. आता हे वाक्यात आणायचे:

"स्ट्रेप्टोमायसिन गटात दर १०० रुग्णांमागे सुमारे २० मृत्यू कमी झाले (९५% विश्वास अंतराल ६ ते ३४; पी = ०.००७)."

बहुतेक लोक इथे थांबतात. मी एक वाक्य आणखी लिहायला सांगेन, कारण कंसातले अंतराल डोळ्यांखालून निसटते. अंतरालाची दोन्ही टोके वेगवेगळी वाचा आणि प्रत्येक टोक खरे असेल तर काय म्हणावे लागेल, ते स्वतःला विचारा. फायदा शंभरामागे ३४ असेल तर औषधाने रोगाचे चित्रच पालटले. ६ असेल तर फायदा नक्की आहे, पण बराच लहान. पुढचे वाक्य त्यातूनच निघते: "ही आकडेवारी शंभरामागे ६ इतक्या माफक फायद्याशीही जुळते आणि ३४ इतक्या मोठ्या फायद्याशीही; फायदा मुळीच नसणे मात्र तिच्याशी जुळत नाही."

'जुळते' हे क्रियापद मी मुद्दाम निवडले आहे. 'खरा फरक ६ ते ३४ च्या दरम्यान असण्याची शक्यता ९५ टक्के आहे' असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले असते, पण अंतराल ते सांगत नाही. ९५ हा आकडा पद्धतीचा आहे: असे प्रयोग पुन्हा पुन्हा केले आणि दरवेळी याच रीतीने अंतराल काढले, तर शंभरातली सुमारे ९५ अंतराले खऱ्या फरकाला सामावून घेतील. आपल्या हातातले एक अंतराल त्या ९५ पैकी आहे की उरलेल्या ५ पैकी, हे आपल्याला कळत नाही. निकालात हे सगळे स्पष्टीकरण देत बसू नका. 'जुळते' किंवा 'विसंगत नाही' एवढे म्हटले की पुरते.

आणखी दोन मर्यादा. पहिली, अंतराल फक्त नमुन्याच्या योगायोगाची डळमळ मोजते. रुग्णांची निवड एकतर्फी झाली असेल, निम्मे लोक मधेच सोडून गेले असतील, प्रश्नावली वाकडी असेल, तर ते दोष अंतरालात दिसत नाहीत. किती जण गळाले ते वेगळे लिहावेच लागते. दुसरी, एका गटात मृत्यू फक्त ४ आहेत. इतक्या लहान संख्येवर वरची साधी पद्धत थोडी कच्ची पडते. न्यूकोम्बच्या पद्धतीने मोजले तर अंतराल ५ ते ३४ येते. इथे निष्कर्ष बदलला नाही, पण खालचे टोक शून्याच्या अगदी जवळ असेल तर बदलू शकतो. म्हणून कोणती पद्धत वापरली ते कार्यपद्धतीच्या विभागात नावानिशी सांगा, आणि एकदा निवडलेली पद्धत सगळ्या निकालांना लावा.

पी मूल्याची जागा कंसात, शेवटी. तिथे 'पी < ०.०५' न लिहिता खरा आकडा द्या. संगणकाने `.000` छापले असेल तर 'पी < ०.००१' लिहा, पी शून्य कधीच नसते. आणि पी लहान आहे म्हणून फरक मोठा आहे असे सुचवू नका. दहा हजारांच्या नमुन्यात नगण्य फरकाचेही पी लहान येते. 'अत्यंत सार्थक फरक' हा शब्दप्रयोग मी सरळ खोडतो, कारण वाचक 'अत्यंत' हे विशेषण फरकाला लावतो.

निकाल सार्थक नसेल तेव्हा

याच रुग्णांची पाच वर्षांनंतरची स्थितीही पुढे प्रसिद्ध झाली. तोपर्यंत स्ट्रेप्टोमायसिन गटातले ५५ पैकी ३२ (५८%) आणि दुसऱ्या गटातले ५२ पैकी ३५ (६७%) दगावले होते. वरचीच आज्ञा या आकड्यांवर चालवली तर फरक शंभरामागे ९, अंतराल उणे ९ ते अधिक २७, पी सुमारे ०.३३.

यावर साच्यातले वाक्य ठरलेले असते: "दोन्ही गटांत फरक आढळला नाही." पण फरक आढळला आहे, शंभरामागे ९ चा. तो खरा आहे की योगायोगाचा हे एवढ्या रुग्णांवरून ठरत नाही, इतकेच. 'ठरत नाही' आणि 'फरक नाही' यांत पुष्कळ अंतर आहे. अंतरालाची टोके वाचली की वाक्य आपसूक नीट होते:

"पाच वर्षांअखेर स्ट्रेप्टोमायसिन गटात दर १०० रुग्णांमागे ९ मृत्यू कमी होते, पण अंदाज फार ढोबळ आहे (९५% विश्वास अंतराल ९ मृत्यू जास्त ते २७ मृत्यू कमी; पी = ०.३३). ही आकडेवारी मोठ्या फायद्याशी, फायदा मुळीच नसण्याशी आणि थोड्या नुकसानीशीही जुळते."

इथे 'उणे ९ ते २७' असे न लिहिता 'जास्त' आणि 'कमी' हे शब्द वापरले आहेत. उणे चिन्ह कंसात बारीक दिसते, छपाईत गळते, आणि वजाबाकी कोणातून कोणाची केली ते वाचकाला आठवावे लागते. शब्दात दिशा सांगितली की ते ओझे उतरते.

मग 'फरक नाही' असे कधी म्हणता येते? अंतराल पुरेसे अरुंद असेल आणि त्याची दोन्ही टोके व्यवहारात नगण्य मानण्याइतकी लहान असतील तेव्हा. समजा अंतराल शंभरामागे १ जास्त ते १ कमी असे आले असते, तर 'ही आकडेवारी कोणत्याही लक्षणीय फरकाशी जुळत नाही' असे लिहायला आधार असता. नगण्य कशाला म्हणायचे ते मात्र आकडे बघण्यापूर्वी ठरवलेले असावे.

याच दोन निकालांत आणखी एक मोह आहे. सहा महिन्यांनी फरक सार्थक, पाच वर्षांनी नाही, म्हणून 'पाच वर्षांत औषधाचा परिणाम नाहीसा झाला' असे लिहावेसे वाटते. एक निकाल पी ०.०५ च्या रेषेच्या अलीकडे आणि दुसरा पलीकडे पडला, एवढ्यावरून त्या दोन निकालांत फरक आहे असे ठरत नाही. ६ ते ३४ आणि उणे ९ ते २७ ही अंतराले एकमेकांवर बरीच पडतात. बदल झाला असे म्हणायचे असेल तर बदलच मोजून त्याचे अंतराल द्यावे लागते, आणि दोन्ही वेळचे रुग्ण तेच असल्यामुळे त्यासाठी प्रत्येक रुग्णाची नोंद लागते, नुसत्या बेरजा पुरत नाहीत. निकालात लिहिता येते ते इतकेच: "फरकाचा अंदाज सहा महिन्यांनी शंभरामागे २० होता, पाच वर्षांनी ९." तो का घटला असेल, जंतूंमध्ये औषधाला प्रतिकार निर्माण झाला का, हे चर्चेच्या प्रकरणात.

एकाला वाचवायला किती जणांना औषध द्यावे लागते, हा आकडा वैद्यकीय लेखांत आवडीने देतात. सहा महिन्यांसाठी तो ५ येतो, अंतराल ३ ते १७. अंतराल शून्य ओलांडत नाही तोवर हे छान चालते. पाच वर्षांच्या निकालावर मात्र तो देऊच नका. तिथे फायद्याची आणि नुकसानीची बाजू एकाच अंतरालात येते आणि आकड्याचा अर्थच मोडतो.

मोजमाप असेल तेव्हा

गुण, तास, किलो, रुपये असे मोजलेले आकडे असतील तर काम सोपे असते, कारण एकक हाताशी असते. तरीही बहुतेक जण ते टाकून देतात. R सोबत `sleep` नावाची लहानशी आकडेवारी येते. दहा रुग्णांना दोन झोपेची औषधे वेगवेगळ्या वेळी दिली आणि झोप किती तासांनी वाढली ते नोंदवले. जोडीच्या टी चाचणीत टी ४.०६, पी ०.००३, आणि प्रमाणित फरक, ज्याला कोहेनचा डी म्हणतात, सुमारे १.२८ येतो. 'परिणामाचा आकार मोठा (डी = १.२८)' असे लिहून मोकळे होता येते. पण ते वाचून झोप किती वाढली, ते कळत नाही. त्याऐवजी:

"दुसऱ्या औषधाने पहिल्यापेक्षा सरासरी १.६ तास जास्त झोप मिळाली (९५% विश्वास अंतराल ०.७ ते २.५ तास; पी = ०.००३, १० रुग्ण)."

खालचे टोक पाऊण तासाच्या आसपास, वरचे अडीच तास. वाचक स्वतःच्या रात्रीशी ताडून बघू शकतो. डी उपयोगी पडतो तो वेगवेगळ्या एककांतले अभ्यास एकत्र तोलताना, किंवा मोजपट्टीला स्वतःचा अर्थ नसताना, उदाहरणार्थ एखादी स्वनिर्मित अभिवृत्ती चाचणी. तेव्हाही 'लहान, मध्यम, मोठा' ही लेबले आपोआप चिकटवू नका. ०.२, ०.५, ०.८ या खुणा सर्वसाधारण आहेत, तुमच्या विषयात ०.२ सुद्धा मोलाचा असू शकतो.

सरासरी लिहिण्यापूर्वी एकेक रुग्ण बघा. इथे दहा जणांचे फरक असे आहेत: १.२, २.४, १.३, १.३, ०, १.०, १.८, ०.८, ४.६, १.४. एकाला काहीच फरक पडला नाही, एकाला साडेचार तासांहून जास्त. तो एक बाजूला ठेवला तर सरासरी १.६ वरून १.२ वर येते. तो रुग्ण वगळायचा नाही, पण हे सांगायचे: "दहापैकी नऊ रुग्णांना दुसऱ्या औषधाने जास्त झोप लागली, एका रुग्णाचा फरक (४.६ तास) इतरांपेक्षा बराच मोठा होता आणि त्याला वगळल्यास सरासरी फरक १.२ तास राहतो." लहान नमुन्यात असे एक वाक्य वाचकाला नुसत्या प्रमाण विचलनापेक्षा जास्त सांगते.

'मुळे' लिहिण्यापूर्वी

हिलच्या चाचणीत गट चिठ्ठ्यांसारखे पाडले होते, म्हणून 'स्ट्रेप्टोमायसिनमुळे मृत्यू कमी झाले' असे लिहायला आधार आहे. तुमचा अभ्यास सर्वेक्षणाचा असेल तर तो आधार नाही. 'शिकवणीमुळे गुण वाढले' न लिहिता 'शिकवणी लावलेल्या विद्यार्थ्यांचे गुण सरासरी इतके जास्त होते' असे लिहा. 'परिणाम', 'प्रभाव', 'वाढवते', 'घटवते' हे शब्दही तसेच कारण सुचवतात. प्रकरण लिहून झाले की या शब्दांचा शोध घेऊन प्रत्येक जागी अभ्यासाचा आराखडा तेवढे बोलू देतो का, ते तपासा.

शेवटची तपासणी दुसऱ्या माणसाकडून करून घ्या, शक्यतो तुमच्या विषयाबाहेरच्या. कोष्टक झाकून फक्त परिच्छेद वाचायला द्या आणि तीन गोष्टी कागदावर लिहायला सांगा: कोणता गट पुढे होता, कितीने, आणि कमीत कमी व जास्तीत जास्त किती असू शकतो. मग कोष्टक उघडून ताळा करा. दिशा उलटी निघाली तर आज्ञेत गटांचा क्रम कोणता दिला होता ते बघा. वरच्या ओळीत १४ आणि ५२ आधी दिले आहेत म्हणून अंतराल धन येते. ४ आणि ५५ आधी दिले असते तर तेच आकडे उणे आले असते, आणि वाक्यात 'कमी'च्या जागी 'जास्त' शिरायला तेवढे पुरते.